ऑर्डरी येतात, पण वीस तारखेला खात्यात पैसे नसतात: सेटलमेंटचा खड्डा कसा मोजायचा, कसा भरायचा

निपाणी, चिकोडी, अथणी, बेळगाव या पट्ट्यातल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांची चोपडी लिहिण्याचं माझं काम आहे. कोणी वडगाव-शहापूरच्या साड्या विकतो, कोणी कुंदा-करदंट, तर कोल्हापुरी चप्पल विकणारे बरेच. माल वेगळा असला तरी तक्रार तीच. विक्री बरी चालली आहे, स्क्रीनवर लाखभर रुपये ‘येणे’ दिसतंय, पण पंधरा-वीस तारखेच्या सुमारास कारागिराला द्यायला पैसे नाहीत. मग सोसायटीचा फेरा, हातउसने, नाहीतर घरातलं सोनं तारण. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

ज्या ऑनलाइन बाजारावर माल विकतात त्यालाच सगळे दोष देतात: ‘मार्केटप्लेस पैसे अडकवून ठेवतो.’ हा दोष काही प्रमाणात खरा आहे. पण आकडे कागदावर मांडले की अडकलेल्या पैशातला मोठा हिस्सा बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतो. म्हणून आधी निदान, मग उपाय.

पैसा अडकलाय की नुसता रांगेत आहे?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रांगेतला पैसा ठरलेल्या दिवशी येतो. अडकलेला पैसा तुम्ही हालचाल केल्याशिवाय येत नाही.

ओळखायचं कसं? महिन्यापूर्वीच्या वीसेक ऑर्डरी घ्या आणि प्रत्येकीसमोर तीन तारखा लिहा: माल पाठवला तो दिवस, गिऱ्हाइकाला पोचला तो दिवस, बँकेत पैसे पडले तो दिवस. पहिल्या दोन तारखा ऑर्डर रिपोर्टमध्ये मिळतात. तिसरीसाठी सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे मार्केटप्लेसने कापाकापी करून चुकते केलेल्या पैशांचा तक्ता, उतरवून घ्यायचा. त्यात ऑर्डर क्रमांकासमोर बँकेचा यूटीआर क्रमांक असतो, तो पासबुकाशी जुळवायचा. सगळ्या ऑर्डरींना साधारण सारखेच दिवस लागले असतील तर तुमचा पैसा रांगेत आहे. काही ऑर्डरी पोचून महिना झाला आणि त्यांचा क्रमांक एकाही सेटलमेंटमध्ये नसेल, तर तो अडकलेला आहे.

अडकलेल्याची कारणं आमच्या भागात बरीचशी कागदोपत्री असतात. पहिलं नावाचं. आधारवर नाव कानडीतून इंग्रजीत उतरलेलं, पॅनवर मराठी वळणाचं, बँकेत तिसरंच. खातं जोडताना किंवा बदलताना नाव जुळलं नाही की पडताळणी नापास होते आणि पैसे थांबतात. दुसरं कारण बँकांच्या विलीनीकरणाचं. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून राज्याच्या एकत्रित ग्रामीण बँकेत आली. आपल्याकडे खेडोपाडी खाती याच बँकांची. मार्केटप्लेसवर जुना आयएफएससी राहिला असेल तर पैसे पाठवल्याची नोंद होते आणि ते परत जातात. ‘पेमेंट फेल’ किंवा ‘बँक तपशील तपासा’ अशी सूचना कुठेतरी कोपऱ्यात पडलेली असते. बँकेकडून चालू आयएफएससी छापलेला रद्द चेक घ्या आणि नाव पॅनप्रमाणे करून घ्या. तिसरं कारण जीएसटी नोंदणीचं. विवरणपत्रं तुंबून नोंदणी निलंबित झाली की विक्रीखातं आणि पैसे दोन्हींवर गदा येऊ शकते.

तक्रार लिहिताना ‘माझे पैसे आले नाहीत’ एवढंच लिहू नका. ऑर्डर क्रमांक, पोचल्याची तारीख आणि ‘अमुक तारखेपर्यंतच्या एकाही सेटलमेंटमध्ये ही ऑर्डर नाही’ असं वाक्य लिहा. दहा ऑर्डरींची यादी जोडली तर उत्तर लवकर येतं, कारण समोरच्याला शोधावं लागत नाही.

पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पैसा रांगेत असतो, अडकलेला नव्हे. त्यामुळे पुढचं सगळं रांगेबद्दल.

निपाणीच्या एका चप्पलविक्रेत्याचा हिशेब

हा माणूस अथणी तालुक्यातल्या कारागिरांकडून कोल्हापुरी चपला घेतो आणि निपाणीतून ऑनलाइन विकतो. (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले जिल्हेही आहेत, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला अजून सांगावं लागतं.) आकडे गोल केले आहेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करून बघा.

रोज दहा जोड पाठवले जातात. त्यातले दोन परत येतात, कधी माप बसलं नाही म्हणून, कधी गिऱ्हाईक घरी सापडलं नाही म्हणून. आठ जोड टिकतात. विक्रीची किंमत जीएसटी धरून ८४० रुपये, म्हणजे माल ८०० आणि कर ४०. कारागिराला ४३० द्यावे लागतात, खोका आणि पिशवीचे २०. मार्केटप्लेस कमिशन, वाहतूक आणि त्यावरचा कर मिळून १७० कापतो. शिवाय आगाऊ कापलेला कर, म्हणजे जीएसटीचा टीसीएस ४ रुपये आणि आयकराचा टीडीएस ८० पैसे. टिकलेल्या जोडीमागे बँकेत ६६५ रुपये येतात.

आता दिवस मोजू. पाठवल्यापासून पोचायला सरासरी पाच दिवस लागतात. उत्तरेकडे जास्त, बेंगळुरू-पुण्याला कमी. पोचल्यावर परतीची मुदत म्हणून सात दिवस थांबतात. त्यानंतर ऑर्डर ‘देय’ होते, पण पैसे आठवड्याच्या ठरलेल्या दिवशीच सुटतात, म्हणून आणखी सरासरी चार दिवस. बँकेत पडायला एक. एकूण सतरा.

हा सतरा दिवसांचा आकडा पाठ असायला हवा, कारण त्यावरून स्क्रीनवरची रक्कम वाचता येते. सतरा दिवसांत १७० जोड गेले, स्क्रीनवर विक्री दिसते १,४२,८०० रुपये. माणूस तो आकडा मनात धरून कारागिराला शब्द देतो. प्रत्यक्षात त्यातले १३६ जोड टिकणार. त्यांचे प्रत्येकी ६६५ प्रमाणे ९०,४४० होतात. परत येणाऱ्या ३४ जोडींमागे परतीचा खर्च सरासरी १२० धरला तर ४,०८० वजा. जाहिरातीचे टिकलेल्या जोडीमागे ४० रुपये सेटलमेंटमधूनच कापले जातात, ते ५,४४०. हाती उरतात ८०,९२०. स्क्रीनवरच्या शंभर रुपयांतले सत्तावन्न. तेही एकदम येत नाहीत, दर आठवड्याला ३३,३२० असे येतात.

म्हणून पहिली दुरुस्ती फुकटची आहे. स्क्रीनवरच्या विक्रीच्या आकड्यावर कोणालाही तारीख देऊ नका. गेल्या दोन महिन्यांत बँकेत प्रत्यक्ष आलेले पैसे भागिले त्याच काळात पाठवलेल्या मालाची विक्रीची किंमत, एवढा भागाकार करा. तुमचं प्रमाण मिळेल. चपलेचं सत्तावन्न असलं तर साडीचं जास्त असेल, कारण साडीत मापाची परत नसते.

कुठे किती पैसा बसलाय

आता मुख्य गोष्ट. या धंद्यात एकूण किती भांडवल गुंतलंय ते तीन ढिगांत मांडू.

घरी वीस दिवसांचा माल असतो, म्हणजे २०० जोड. ४३० प्रमाणे ८६,००० रुपये. वाटेत आणि मार्केटप्लेसच्या रांगेत रोजच्या आठ जोडींचे सतरा दिवस, खोक्यासकट ४५० प्रमाणे ६१,२००. परतीच्या फेऱ्यात रोजचे दोन जोड सरासरी पंधरा दिवस फिरतात, त्यांचे १३,५००. बेरीज १,६०,७००. कारागिराला रोख द्यावे लागतात, त्यामुळे यातून उधारीचं काही वजा होत नाही.

म्हणजे रोज एक जोड पाठवायचा तर सोळा हजार रुपये कायम गुंतलेले राहतात. रोज दहाचे पंधरा करायचे म्हटले तर ऐंशी हजार आधी उभे करावे लागतील. नफा मात्र टिकलेल्या जोडीमागे सगळं वजा जाता साधारण १३६ रुपये, महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास, आणि त्यातच घर आणि मदतनीसाचा पगार. ‘धंदा वाढला तसे पैसे संपायला लागले’ असं लोक चक्रावून सांगतात, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. विक्री जितक्या वेगाने वाढते तितक्या वेगाने नफा भांडवल पुरवू शकत नाही.

आणि ढीग पुन्हा एकदा बघा. ज्या सेटलमेंटला सगळे शिव्या घालतात तिथे ६१,००० आहेत. घरच्या कपाटात ८६,०००. मार्केटप्लेसचे सतरा दिवस तुमच्या हातात फारसे नाहीत. कपाटातले वीस दिवस पूर्णपणे तुमच्या हातात आहेत.

कपाट आधी

वीस दिवसांचा माल का साठतो? कारण महिन्यातून एकदा अथणीकडे गाडी नेऊन गठ्ठा आणायची सवय असते, आणि कारागीर जी मापं देईल ती उचलली जातात. पुरुषांची ७, ८, ९ ही मापं पटापट जातात. ५ आणि ११ कोपऱ्यात बसतात. कपाटातले २०० जोड मोजले तर त्यातले पन्नास-साठ गेल्या दोन महिन्यांत हललेलेच नाहीत असं नेहमी निघतं. खरा साठा म्हणजे १४० आणि बाकीचं अडगळीत ठेवलेलं भांडवल.

उपाय तीन पावलांत होतो. आधी गेल्या साठ दिवसांची विक्री माप आणि नमुन्यानुसार लिहून काढा. मग साठ दिवसांत एकही न गेलेला माल वेगळा काढून खरेदी-किमतीच्या जवळ विकून टाका, स्थानिक दुकानदाराला दिला तरी चालेल. तोटा दिसतो, पण ४३० च्या जोडाचे ४०० आले तरी ते उद्या ८ नंबरच्या मापात फिरायला लागतात. तिसरं, महिन्याच्या एका गठ्ठ्याऐवजी आठवड्याला लहान गठ्ठा मागवा, मापांची यादी देऊन. अथणीहून बसला पार्सल टाकता येतं, गाडीभाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कारागिरालाही हे बरं वाटतं, कारण त्याला चामड्यासाठी रोख लागते आणि महिन्यातून एकदा मोठी रक्कम मिळण्यापेक्षा दर बाजाराच्या दिवशी हातात पैसे येणं त्याच्या सोयीचं असतं.

वीस दिवसांचा साठा बारावर आला तर ८० जोड कमी, म्हणजे ३४,४०० रुपये मोकळे. आठवड्याच्या एका सेटलमेंटपेक्षा जास्त. मार्केटप्लेसने एक आठवडा लवकर पैसे द्यायला सुरुवात केली असती तर जेवढा फरक पडला असता तेवढा तुम्ही स्वतः पाडलात, कोणाला अर्ज न करता. आता रोजच्या एका जोडामागे गुंतलेलं भांडवल सोळा हजारांवरून साडेबारा हजारांच्या आसपास येतं.

याला एक मर्यादा आहे, ती पावसाळ्याची. चामडं उन्हात वाळतं. जून ते सप्टेंबर काम मंदावतं आणि विक्रीही घटते, पण लगेच त्यानंतर दसरा-दिवाळी. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी थोडा जास्त माल घेऊन ठेवावाच लागतो. फक्त तो हुकमी मापांचाच घ्या. पाच महिने बसणारा माल ५ नंबरचा असणं परवडत नाही.

परतीचं थोडक्यात. चपलेची परत बहुतेक मापामुळे होते, कारण हाताने बनवलेल्या चपलेचं ८ नंबर दोन कारागिरांचं सारखं नसतं. लिस्टिंगवर नंबरासोबत तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एक जोड पट्टीने मोजून बघा. परत आलेला पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. वापरलेली चप्पल परत आली तर दावा करायची मुदत मोजक्या दिवसांची असते.

जीएसटीवर राग काढायच्या आधी

वीस तारीख म्हटलं की जीएसटीआर-३बी आठवतो, म्हणून खड्ड्याचं खापर करावर फुटतं. या हिशेबात बघा. जोडामागे कर ४० रुपये. मार्केटप्लेसच्या १७० मध्ये साधारण २६ रुपये जीएसटी असतो आणि त्याची वजावट मिळते. उरले १४. महिन्याच्या २४० जोडींना ३,३६० रुपये. ही रक्कम धंदा बुडवणारी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या चपलेवर ५ टक्के कर आहे. ज्यांच्या मालावर १८ टक्के आहे त्यांना मात्र चटका खरा बसतो, कारण पाठवल्या महिन्याचा कर पुढच्या वीस तारखेला भरायचा आणि महिनाअखेरच्या मालाचे पैसे तोवर जेमतेम येत असतात.

दोन गोष्टी मात्र बघाच. मार्केटप्लेस कापतो तो टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. तो आपोआप तुमच्या खात्यावर चढत नाही. जीएसटी पोर्टलवर `TDS and TCS Credit Received` हा फॉर्म उघडून रक्कम स्वीकारून दाखल करावी लागते, मग ती रोख खतावणीत येते आणि करापोटी वापरता येते. आमच्या विक्रेत्याचे महिन्याला ९६० रुपये होतात, म्हणजे निव्वळ कराच्या चौथ्या हिश्शाहून थोडे जास्तच. वर्षभर कोणी हा फॉर्म उघडला नाही की साडेअकरा हजार नुसते पडून. दुसरं, वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर तिमाही विवरणपत्राचा पर्याय आहे. पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत चलनाने भरायचा. पाच दिवस पुढे सरकतात, आणि आठवड्याचा पैसा पडायच्या दिवशी ते बसत असतील तर उपयोगी. टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का इतका लहान झालाय की त्याच्यावर शब्द खर्च करत नाही. आयकर विवरणपत्रात मागून घ्या.

आमच्या सीमाभागाची एक गंमत इथेच सांगतो. निपाणीहून कोगनोळी नाका ओलांडून कागलला माल गेला की तो आंतरराज्य पुरवठा. बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून मार्केटप्लेसवर विकायची मुभा आहे, पण फक्त आपल्या राज्यात. त्यामुळे ‘एवढीशी विक्री, कशाला जीएसटी नंबर’ म्हणणाऱ्या निपाणीकराला बिदर चालतं आणि कागल चालत नाही. नोंदणी असलेल्याला ही अडचण नाही. उलट कोल्हापूर, गडहिंग्लज, इचलकरंजीची ओळखीची गिऱ्हाइकं थेट यूपीआयने पैसे देऊन माल मागवत असतील तर ते पैसे सतरा दिवसांच्या रांगेत शिरतच नाहीत. रोजच्या दहातले दोन जोड असे गेले तरी कारागिराच्या आठवड्याच्या पैशाला मोठा हातभार लागतो. बिल मात्र फाडा.

मंगळवारी पैसे आले, तर बुधवारी काय

पैसे आठवड्याला येतात, म्हणून वाटणीही आठवड्याला करा. ३३,३२० आले की आधी २५,२०० मालाच्या खात्यात टाकायचे. टिकलेल्या ५६ जोडींची किंमत खोक्यासकट तेवढीच होते, आणि एवढा माल परत घेतला तरच साठा जागच्या जागी राहतो. मग ८०० रुपये करासाठी. राहिलेल्या सात हजार तीनशेत घर, मदतनीस आणि बचत. मालाचं खातं वेगळ्या बँकेत असावं आणि त्याचं यूपीआय फोनवर नसावं. हे सांगितलं की लोक हसतात. पण दिवसाअखेरीस पेट्रोल आणि भाजी कोणत्या खात्यातून गेली ते बघितलं की हसू थांबतं.

राखीव किती हवी? एक सेटलमेंट पूर्ण चुकली तरी कारागिराचे पैसे निघावेत एवढी, म्हणजे आपल्या उदाहरणात पंचवीस हजार. ती जमवायला आपल्याकडची पिग्मी उत्तम. रोज अडीचशे टाकले तर शंभर दिवसांत पंचवीस हजार होतात, आणि जूनच्या मध्यावर सुरू केली तर दसऱ्याच्या आधी हातात येते. मुदत दसऱ्याच्या हिशेबानेच ठरवा, कारण मध्येच मोडली तर व्याज बुडतं. पिग्मी बँकेत आहे की पतसंस्थेत हेही बघा. पाच लाखांपर्यंतच्या ठेवविम्याचं कवच बँकांना आहे, सहकारी बँकांनाही. सौहार्द सहकारी संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही.

सणाचा खड्डा वेगळा

एरवीचा खड्डा साठा आणि शिस्तीने भरतो. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मात्र विक्री दुप्पट होते. दहाचे वीस जोड म्हणजे, बारा दिवसांचा साठा धरूनही, सव्वा लाख जास्त हवेत. वाढलेल्या विक्रीचा पहिला मोठा हप्ता सतरा दिवसांनी येतो, त्याआधी जास्तीच्या मालाचे पैसे कारागिराला गेलेले असतात. राखीव पंचवीस हजार वापरली तरी लाखभर बाहेरून आणावे लागतील. इथे उधार घेणं चूक नाही. कुठून घेता यावर सगळं आहे.

मार्केटप्लेसवर किंवा त्याच्या भागीदार कंपनीकडून ‘लवकर पेमेंट’ मिळत असेल तर त्याचा भाव वर्षावर काढा. समजा सात दिवस आधी पैसे देण्याचे शेकडा एक घेतात. ३३,३२० वर आठवड्याला ३३३ रुपये, काही वाटत नाही. पण सवय लागली आणि दर आठवड्याला घेत राहिलात तर वर्षाचे सतरा हजार होतात. त्याबदल्यात मिळालं काय? तेहतीस हजार रुपये एकदाच, एक आठवडा आधी. दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही पुन्हा त्याच जागी, फक्त दर वेळी ३३३ कमी. हे बावन्न टक्के व्याज झालं. सावकाराचे महिना शेकडा तीन त्यापुढे स्वस्त वाटतात, तेही वर्षाला छत्तीस आहेत. एखाद्या आठवड्यापुरती निकड असेल तर लवकर पेमेंट घ्यावं, सवय लावू नये.

बँकेकडे जाताना मुदत कर्ज मागू नका, कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टची मर्यादा मागा. मुदत कर्जाचा हप्ता जुलैतही चालू राहतो, जेव्हा पावसात चप्पल विकली जात नाही. कॅश क्रेडिटमध्ये वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचंच व्याज. एक लाख दोन महिने बारा टक्क्यांनी वापरले तर दोन हजार. दुप्पट विक्रीच्या महिन्यात जास्तीच्या २४० जोडींवर बत्तीस हजार नफा आहे, त्यातून दोन हजार देणं परवडतं.

मर्यादा ठरवताना बँका छोट्या उद्योगांना वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के ही पद्धत लावतात. आपल्या विक्रेत्याची उलाढाल तेवीस लाखांची, म्हणजे साडेचार लाखांपर्यंत मागता येईल. मुद्राच्या किशोर गटात पाच लाखांपर्यंत येतं. पण गरज सव्वा-दीड लाखाची असेल तर तेवढंच मागा. जास्तीची मर्यादा घरबांधणीत जाते हे मी अनेक चोपड्यांत बघितलं आहे. कागद म्हणून वर्षभराची जीएसटी विवरणपत्रं, बँक उतारा आणि सेटलमेंट रिपोर्ट न्या. मॅनेजरला सेटलमेंट रिपोर्ट वाचायची सवय नसते. त्याला ढिगांचा वरचा हिशेब एका पानावर लिहून द्या: साठा इतका, रांगेत इतका, परतीत इतका. आणि हे सगळं जुलैमध्ये सुरू करा. घटस्थापनेच्या आठवड्यात मागितलेली मर्यादा दिवाळीनंतर मंजूर होते.

कारागिराची उधारी वाढवून सण काढायचा विचार कोणी सांगतं. हातावर पोट असलेल्या माणसाच्या पैशावर सण काढणं मला पटत नाही, आणि कायदाही आड येतो. माल बनवणाऱ्याची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल तर लेखी करार नसताना पंधरा दिवसांत, करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळली तर तो खर्च आयकरात पैसे दिलेल्या वर्षीच धरता येतो. मार्चअखेर थकवलेलं बिल म्हणूनच महाग पडतं.

नोव्हेंबरचा फुगवटा

दिवाळी संपली की विक्री उतरते, पण सणातल्या मालाचे हप्ते अजून दोन-तीन आठवडे येत राहतात. नवी खरेदी थांबलेली असते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये खात्यात वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक दिसते. तेवढ्यात तुळशीचं लग्न होतं, लग्नसराई लागते, आणि दागिना, गाडी, मोठा गठ्ठा यापैकी काहीतरी होतं.

ती शिल्लक नफा नसते. सणापूर्वी माल आणि रांगेत गुंतवलेले सव्वा लाख परत फिरून आलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे. शिल्लक वाढली आणि त्याच वेळी कपाटातला माल व स्क्रीनवरचं येणं घटलं असेल तर भांडवल मोकळं झालंय. तिन्हींची बेरीज करा आणि त्यातून कर्ज वजा करा. हाच हिशेब घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लिहून ठेवला असेल तर दोन आकड्यांतला फरक, अधिक मधल्या काळात घरखर्चाला उचललेली रक्कम, हा सणाचा खरा नफा.

परतीही आता येतात. सणात गेलेल्या मालाच्या उशिरा नोंदलेल्या परतींचे पैसे नोव्हेंबरच्या लहान हप्त्यांतून कापले जातात. विक्री फारच उतरली असेल तर एखाद्या आठवड्याचं सेटलमेंट शून्याच्या खालीही जातं आणि उणे रक्कम पुढच्या हप्त्यावर चढते. म्हणून शेवटचा मोठा हप्ता आल्यावर तीन आठवडे त्याला हात लावू नका. तेवढ्यात परती निवळतात. मग आधी कॅश क्रेडिटची उचल शून्यावर आणा, नंतर राखीव पंचवीस हजार पुन्हा भरा, आणि उरेल त्यातून काय घ्यायचं ते घरी बसून ठरवा.